लेट्रोझोलची पहिली पट्टी: पेडण्याच्या बाईला कागदावर काय हवं

लेट्रोझोलची पट्टी हातात पडली की घरी येऊन आधी डब्यातली कागदाची घडी उलगडली जाते. बारीक अक्षर, सगळं इंग्रजी. नवरा मोबाईल काढतो आणि औषधाचं नाव टाकतो. पहिल्या ओळीतच दिसतं की हे स्तनाच्या कर्करोगाचं औषध आहे, पाळी कायमची गेलेल्या बायकांना देतात आणि गरोदर बाईने अजिबात घ्यायचं नाही. इकडे ही बाई २८ वर्षांची, पेडण्यातल्या कोरगावची, दोन-दोन महिने पाळी येत नाही म्हणून मूल राहत नाही, त्यासाठी म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलेली. ‘कॅन्सरची गोळी कशाला दिली?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही. गोळ्या कपाटात जातात आणि महिना फुकट जातो.

यात चूक कोणाचीच नाही. कागदावर लिहिलेलं खरं आहे, फक्त ते दुसऱ्या बाईसाठी लिहिलेलं आहे. अमेरिकेत या औषधाला १९९७ साली परवानगी मिळाली ती स्तनाच्या कर्करोगासाठीच. बीजनिर्मितीसाठी ते वापरता येतं हे २००१ साली टोरंटोच्या मित्वल्ली आणि कॅस्पर या डॉक्टरांनी छापून दाखवलं. आज तिच्यासारख्या पीसीओएस असलेल्या बाईला गर्भ राहावा म्हणून पहिलं औषध हेच द्यावं असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, २०१८ मध्येही आणि २०२३ मध्येही. पण बऱ्याच देशांत औषधाच्या अधिकृत कागदावर हा उपयोग आलेलाच नाही. म्हणून साध्या मराठीत पत्रक काढायचं तर त्याची पहिली ओळ औषधाच्या नावाची नसावी. ‘तुम्हाला ही गोळी कशासाठी दिली आहे?’ हा प्रश्न तिथे असावा, कारण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर फिरतं.

गोळी एकच, ताकदही एकच, अडीच मिलिग्रॅम. डिचोलीच्या एखाद्या घरात सासूबाई स्तनाच्या ऑपरेशननंतर ती रोज एक घेत असतील, पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त. गोव्यात २०२१ पासून सरकारी मोहिमेत गावोगाव स्तनांची तपासणी झाली, त्यामुळे गोळीचं हे रूप घराघरांत ओळखीचं होऊ लागलं आहे. सासूबाईंच्या शरीरात स्त्रीसंप्रेरक, म्हणजे इस्ट्रोजेन, कायम कमी ठेवायचं असतं. म्हणून त्यांचे सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होतात, हाडांची घनता मोजावी लागते, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतं. सुनेला तीच गोळी महिन्यातून पाच दिवस घ्यायची आहे. पाच दिवसांत हाडं झिजत नाहीत. खरा धोका दोघींच्या सूचना एकमेकींत मिसळण्याचा. दहाची पट्टी आणली, पाच गोळ्या उरल्या आणि शेजारीण म्हणाली, ‘ती रोज घ्यायची असते गो’, की सून सहाव्या दिवशीही गोळी घेते. पत्रकात हे ठळक हवं: पाच दिवस झाले की थांबा, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंनीही उलट गफलत करू नये, त्यांची गोळी पाचव्या दिवशी थांबत नाही.

आता पाच दिवसांत गोळी करते काय? ती इस्ट्रोजेन तयार करणारं एक विकर अडवते. रक्तातलं इस्ट्रोजेन उतरतं, तशी मेंदूखालची ग्रंथी समजते की बीजकोष आळसावलेत आणि त्यांना जागं करणारं संप्रेरक जास्त सोडते. त्या जोरावर एखादी बीजपुटी वाढू लागते. गोळी बंद होते, वाढत्या पुटीतून इस्ट्रोजेन पुन्हा चढतं, तसा ग्रंथीचा जोर ओसरतो आणि बाकीच्या पुट्या मागे पडतात. बहुतेक वेळा एकच बीज सुटतं ते यामुळे. क्लोमिफेन हे जुनं औषध मेंदूला बराच काळ फसवून ठेवतं आणि गर्भाशयाचं अस्तरही पातळ करू शकतं. लेट्रोझोलचं तसं नाही, ते लवकर निघून जातं. दर दोन दिवसांनी रक्तातलं प्रमाण साधारण निम्मं होतं. पाळीच्या सातव्या दिवशी शेवटची गोळी घेतली, तर गर्भ रुजायची वेळ येते तोवर, म्हणजे विसाव्या-बाविसाव्या दिवशी, अंगात नावापुरतंच उरतं.

‘बाळाला काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला थोडा इतिहास सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही, कारण भारतात या गोळीवर बंदी होती. २००५ साली कॅनडातल्या एका परिषदेत एक छोटा अहवाल मांडला गेला. लेट्रोझोलनंतर जन्मलेल्या १५० बाळांची तुलना एका इस्पितळातल्या ३६,००० हून जास्त बाळांशी केली होती आणि हाडांचे व हृदयाचे दोष जास्त दिसले होते. पण तुलनेतल्या आया वयाने लहान होत्या, त्यांना गर्भ सहज राहिलेला होता, आणि त्यांचं इस्पितळ कमी जोखमीच्या बाळंतपणांचं होतं. तुलनाच जुळत नव्हती. २००६ मध्ये कॅनडातल्याच पाच केंद्रांतल्या ९११ बाळांचा अभ्यास छापून आला, त्यात दोन्ही गटांतल्या आया उपचार घेणाऱ्याच होत्या. लेट्रोझोलच्या गटात जन्मदोष २.४ टक्के, क्लोमिफेनच्या गटात ४.८ टक्के. तरी आपल्याकडे २०११ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी हे औषध वापरायला मनाई केली. २०१२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या वापराला मुळात परवानगीच कशी दिली गेली यावर कडक ताशेरे ओढले. २०१७ मध्ये मनाई उठली. मला विचाराल तर समितीचा राग परवानगीच्या पद्धतीवर होता आणि तो रास्त होता. औषध बाळाला घातक ठरलं असा त्याचा अर्थ काढणं बरोबर नाही. पण २०११ च्या बातम्या आजही मोबाईलवर वर येतात, मनाई उठल्याची बातमी मात्र कोणी पाठवत नाही.

यात एक अट मात्र पक्की. गर्भ आधीच राहिलेला असताना ही गोळी पोटात जाता कामा नये. पीसीओएसमध्ये पाळी दोन-दोन महिने येत नाही, त्यामुळे ‘पाळी नाही म्हणजे नेहमीचंच’ असं धरून चालायची सवय लागते आणि इथेच घात होतो. म्हणून सुरुवातीआधी लघवीची चाचणी करायचीच. ती नकारार्थी आली की पाळी आणण्यासाठी बहुतेकदा वेगळ्या गोळ्या देतात. रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. नुसता डाग दिसला तर तो दिवस मोजायचा नाही, नीट लाल स्राव सुरू झाला की मोजायचा. साधी गोष्ट आहे, पण मोजणीतला एक दिवस चुकला की सोनोग्राफीची तारीख चुकते.

कोरगावच्या बाईचा एक महिना तारखांनिशी मांडून पाहू. माणूस कल्पित, कॅलेंडर खरं. समजा २०२६ मध्ये ३ सप्टेंबरला तिची पाळी सुरू झाली. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवसापासून गोळी सांगितली आहे. कोणी दुसऱ्या दिवसापासून सांगतात, कोणी पाचव्या, त्यात मोठा फरक पडत नाही. तर ५ ते ९ सप्टेंबर, रोज एक गोळी, एकाच वेळी. जेवणाआधी की नंतर याला महत्त्व नाही. चक्कर येत असेल तर रात्री झोपताना घ्यावी. थकवा आणि चक्कर हे या औषधाचे नेहमीचे त्रास, कधी डोकं दुखतं, कधी अंगातून गरम वाफ गेल्यासारखं होतं. आपल्याकडे बायका स्कूटरवरून कामाला जातात, म्हणून पत्रकात एवढं तरी हवं: पहिल्या दोन गोळ्या अंगाला कशा लागतात हे पाहीपर्यंत हायवेवर स्कूटर काढू नका. एखादी गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची. दिवस उलटून गेला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा.

पुढे सोनोग्राफी. साधारण दहाव्या ते बाराव्या दिवशी बीजपुटी किती मोठी झाली ते पाहतात. बारावा दिवस म्हणजे १४ सप्टेंबर, आणि २०२६ ची चवथ त्याच दिवशी. दवाखाना बंद, बाई मूळ घरी माटोळीखाली. म्हणून पाळीच्या पहिल्याच दिवशी कॅलेंडर समोर ठेवून फोन करावा, ‘चवथ मध्ये येते, स्कॅन कधी ठेवू?’ डॉक्टर दहावा दिवस देतील, १२ सप्टेंबर. समजा त्या दिवशी उजव्या बाजूला १२ मिलिमीटरची एक पुटी दिसली. ती दिवसाला साधारण दोन मिलिमीटर वाढते, म्हणून पुढचा स्कॅन १६ तारखेला. तेव्हा ती २० च्या आसपास, बीज सुटायच्या बेतात. त्या रात्री नऊला बीज सोडवणारं इंजेक्शन दिलं, तर सुमारे ३६ तासांनी, १८ च्या सकाळी, बीज सुटेल. नवराबायकोने १७ आणि १८ ला एकत्र यायचं. चवथीच्या घरात हे लिहायला सोपं आहे. मूळ घरी सगळं बिराड जमलेलं, माजघरात बायका, ओसरीवर पुरुष, अशात दोघांना एक खोली मिळत नाही. पत्रकात हे उघड लिहिलेलं असावं, म्हणजे दीड दिवसाचा गणपती असलेलं घर १५ ला आटोपून स्वतःच्या खोलीत परतता येतं आणि पाच दिवसांचा असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलता येतं. इंजेक्शन न देणारे डॉक्टरही आहेत. ते अकराव्या-बाराव्या दिवसापासून आठवडाभर एक दिवसाआड एकत्र यायला सांगतात, तेही चालतं.

उपचार बांबोळीच्या गोमेकॉत चालू असतील तरी सोनोग्राफीसाठी दरवेळी तिथे जायलाच हवं असं नाही. पेडण्याहून तिकडे जाऊन येईपर्यंत दिवस जातो. म्हापशात केलेल्या स्कॅनचा कागद चालेल का, एवढं विचारून घ्यावं. कागदावर तीन गोष्टी हव्यात: कोणत्या बाजूला किती पुट्या, त्यांचं माप, आणि गर्भाशयाच्या अस्तराची जाडी. तीन किंवा जास्त पुट्या मोठ्या झाल्या असतील, तर त्या महिन्यात डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत आणि संबंध टाळायला सांगतात. बायकांना वाईट वाटतं, इतकं करून महिना सोडायचा! पण तिळी गर्भ राहिला तर आई आणि बाळं दोघांच्याही जिवावर येतं. लेट्रोझोलने असं क्वचितच होतं, जुळ्यांचं प्रमाणही शंभर गर्भधारणांत तीन-चार इतकंच असतं.

फार्मसीत बीज सुटण्याची वेळ दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात. पीसीओएस असलेल्या बाईने त्यांच्यावर विसंबू नये. ज्या संप्रेरकावर त्या चालतात ते तिच्या अंगात आधीच चढं असतं, म्हणून पट्टी रोजच ‘आज’ म्हणते. खात्री हवी तर बीज सुटल्यानंतर सातव्या दिवशी, आपल्या उदाहरणात २५ सप्टेंबरला, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन पाहतात. ते ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज सुटलं. गरोदरपणाची चाचणी २ ऑक्टोबरच्या आधी करू नये. बीज सोडवणारं इंजेक्शन ज्या संप्रेरकाचं असतं, गरोदरपणाची पट्टी तेच शोधते. आठ दिवसांत घाईने पाहिलं तर इंजेक्शनचंच उत्तर मिळतं, आणि चार दिवसांनी पाळी आली की घरात रडारड.

चाचणी खरोखर सकारात्मक आली तर एक इशारा लक्षात ठेवायचा. एका बाजूला वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात कळ, घेरी, यातलं काही झालं तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. रात्र असो की दिवस, १०८ बोलवायची. गर्भ राहिलेला नसतानाही पोट भराभर फुगलं, उलट्या थांबत नाहीत, धाप लागते, तर तसंच करायचं. बीजकोष जास्त चेतवले गेल्याने असं होतं. ते फार क्वचित, पण घरी थांबून बघण्यासारखं नाही.

आता यश किती? अमेरिकेत ७५० पीसीओएस बायकांवर झालेला आणि २०१४ मध्ये छापून आलेला अभ्यास यातला सर्वांत भक्कम. पाच महिन्यांपर्यंत उपचार घेतल्यावर लेट्रोझोलच्या गटात शंभरातल्या सुमारे २७ जणींना बाळ झालं, क्लोमिफेनच्या गटात १९ जणींना. म्हणजे औषध सरस, पण पहिल्याच महिन्यात गर्भ राहणं हा नियम नाही. पहिल्या महिन्यात बीजच सुटलं नाही तर पुढच्या वेळी दोन गोळ्या, मग तीन, त्यापुढे सहसा जात नाहीत. डोस वाढला म्हणून आजार वाढला असं नाही, बीजकोषाला किती हाक लागते ते पाहत जायचं असतं. गोळी घेतली, ३५ दिवस झाले, पाळी नाही आणि चाचणी नकारार्थी, तर बहुधा बीज सुटलेलंच नाही. आणखी महिनाभर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.

आणि ही गोळी बीज सोडते, एवढंच करते. नळ्या बंद असतील तर सुटलेलं बीज कुठेच पोचत नाही. आपल्या देशात जुन्या क्षयामुळे नळ्या बंद झालेल्या बायका कमी नाहीत, आणि क्षय पोटात झालेला तिलाही माहीत नसतो. नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणू नसतील तर महिनोन्महिने गोळ्या घेऊनही काही होणार नाही. वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त आणि सोपी तपासणी, आणि सगळ्यांत उशिरा होते, कारण नवरा ‘मला काय झालंय’ म्हणतो आणि सासू मान डोलावते. पत्रकात नवऱ्यासाठी एक परिच्छेद असावा आणि तो गोळ्यांच्या वेळापत्रकाच्या आधी असावा, असं माझं ठाम मत आहे. तीन ते पाच दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, प्रयोगशाळेतच दिला तर उत्तम, आणि रिपोर्ट बायकोच्या फाईलीत लावायचा. त्याच फाईलीत तिची थायरॉइड आणि साखर, आणि फॉलिक ॲसिडची गोळी सुरू केल्याची तारीख.

बीज नीट सुटत असूनही सहा महिन्यांत गर्भ राहिला नाही तर त्याच पट्ट्या पुढे चालवण्यात अर्थ नसतो. त्यानंतर नळ्यांची तपासणी झालेली नसेल तर ती, मग वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, आणि शेवटी आयव्हीएफ. बांबोळीच्या गोमेकॉत २०२३ मध्ये सरकारी केंद्र सुरू झालं, तिथे हे उपचार मोफत मिळतात. तिथे जाताना जुन्या स्कॅनचे सगळे कागद न्यावेत: कोणत्या महिन्यात किती गोळ्या, कितव्या दिवशी किती मिलिमीटर, इंजेक्शन दिलं की नाही. हे हाती नसलं तर तिथले डॉक्टर पहिल्या पट्टीपासून पुन्हा सुरू करतील, आणि पस्तिशीच्या पुढच्या बाईला ते चार-पाच महिने परवडत नाहीत.